एकच बातमी तिघांसाठी: लहान मूल, किशोर आणि आजी-आजोबा

वाचकाच्या वयाप्रमाणे सूर बदलायचा म्हटलं की नवा लिहिणारा सगळ्यात आधी शब्द सोपे करायला घेतो. मुलांसाठी सोपे, किशोरांसाठी थोडे ‘कूल’, ज्येष्ठांसाठी पुन्हा सोपे आणि वर जरा आदरार्थी. मीही सुरुवातीला हेच करत होते आणि तिन्ही मसुदे बिघडत होते. कारण वय बदलतं तेव्हा शब्दसंग्रहाआधी बदलतो तो वाचकाच्या मनातला प्रश्न. तो प्रश्न सापडला की शब्द बऱ्यापैकी आपोआप येतात. एक खरी बातमी घेऊन हे करून पाहू.

मूळ बातमी वर्तमानपत्री भाषेत अशी:

‘नासाचे “डार्ट” हे मानवरहित यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी पृथ्वीपासून सुमारे १ कोटी १० लाख किलोमीटर अंतरावरील डायमॉर्फस या लघुग्रहावर हेतुपुरस्सर आदळवण्यात आले. सुमारे १६० मीटर व्यासाचा डायमॉर्फस हा डिडिमॉस या सुमारे ७८० मीटर व्यासाच्या लघुग्रहाभोवती परिभ्रमण करतो. या परिभ्रमणास पूर्वी ११ तास ५५ मिनिटे लागत. टकरीनंतर हा कालावधी ११ तास २३ मिनिटांवर आल्याचे नासाने ११ ऑक्टोबर रोजी जाहीर केले. या दोन्ही लघुग्रहांपासून पृथ्वीला धोका नव्हता.’

पहिली पायरी: न हलणारे खुंट ठोका

लिहायला बसण्याआधी कागदावर ती विधानं काढा, जी तिन्ही आवृत्त्यांत खरी राहिलीच पाहिजेत. या बातमीत मी चार काढली. एक, टक्कर मुद्दाम घडवली. दोन, पृथ्वीला धोका आधीही नव्हता आणि नंतरही नाही. तीन, बदलली ती छोट्या दगडाची मोठ्याभोवतीची फेरी. चार, ती फेरी सुमारे अर्ध्या तासाने कमी झाली.

तिसरा खुंट सगळ्यात लवकर निखळतो. ‘लघुग्रहाचा मार्ग बदलला’ असं सोपं करून लिहिलं की वाचकाला वाटतं, तो पृथ्वीकडे येत होता आणि त्याला वळवलं. त्यातून पुढचं वाक्य आपसूक सुचतं, ‘पृथ्वी वाचली’, आणि तिथे बातमी खोटी होते. सोपं करताना होणारी बहुतेक खोटी विधानं अशीच जन्माला येतात. मधला एक दुवा गाळला जातो आणि वाचक तो स्वतःच्या कल्पनेने भरतो. म्हणून हे चार खुंट शेवटपर्यंत समोर ठेवायचे.

दुसरी पायरी: वाचकाचा न विचारलेला प्रश्न ओळखा

आठ वर्षांच्या मुलीला ही बातमी पहिल्यांदा सांगितली तेव्हा मी ‘प्रचंड वेगाने’, ‘आदळलं’, ‘टक्कर’ असे शब्द रंगवून वापरले होते. तिने शांतपणे सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग तो आपल्या घरावर पडला असता का?’ धोका नसल्याचं मी सांगितलं होतं, पण अगदी शेवटी. तोवर तिचं ऐकणं थांबलेलं होतं. लहान मुलाचा प्रश्न बहुतेक वेळा ‘मी आणि माझी माणसं सुरक्षित आहोत ना?’ हाच असतो. त्याचं उत्तर आधी मिळालं तरच पुढचं कानात जातं.

पंधरा वर्षांच्या मुलाचा प्रश्न वेगळा असतो: ‘हे तुम्हाला कसं कळलं? खरंच की उगाच?’ त्याला निष्कर्षापेक्षा पुरावा हवा असतो. बत्तीस मिनिटं मोजली कुणी आणि कशी, हे टाळलंत तर तो तुमचं बाकीचंही मानणार नाही.

पंचाहत्तरीच्या वाचकाने आयुष्यभर वर्तमानपत्र वाचलेलं असतं. त्याला बातमी समजत नाही अशी समजूत आधी मनातून काढून टाका. त्याचा प्रश्न असतो, ‘हे कोण म्हणतंय, कधीचं आहे, आणि यात नवीन काय?’ फोनवर ‘अमुक तारखेला लघुग्रह आदळणार’ असे निरोप येऊन गेलेले असतात. त्यामुळे ही बातमी त्यातली आहे की वेगळी, हे त्याला पहिल्या दोन ओळींत कळायला हवं.

तिसरी पायरी: मुलासाठी

वय साधारण आठ धरलं आहे.

‘चंद्राच्याही खूप पलीकडे दोन दगड आहेत. एक मोठा, एक छोटा. छोटा दगड मोठ्याभोवती गोल गोल फिरतो. छोटा म्हटलं तरी तो फुटबॉलच्या दीड मैदानाएवढा लांब आहे! हे दगड आपल्याकडे येत नाहीत. आधीही येत नव्हते.

शास्त्रज्ञांना एक गोष्ट करून बघायची होती. एवढ्या मोठ्या दगडाला धक्का दिला, तर त्याचं फिरणं बदलेल का? म्हणून त्यांनी एक यान पाठवलं. त्याचं नाव डार्ट. डार्टमध्ये कुणीच बसलेलं नव्हतं. दहा महिने प्रवास करून डार्ट त्या छोट्या दगडावर धडकलं. मुद्दामच! यान मोडलं, पण ते धडकण्यासाठीच बनवलं होतं.

आधी छोट्या दगडाला एक फेरी मारायला जवळजवळ बारा तास लागायचे. धक्का बसल्यावर फेरी अर्धा तास आधीच संपायला लागली. म्हणजे दगडाला धक्का देऊन त्याचं फिरणं बदलता येतं, हे आता आपल्याला माहीत झालं.’

यात नावं कमी केली. डायमॉर्फस आणि डिडिमॉस ही दोन्ही नावं एकदम दिली तर मूल त्यांच्यातच अडकतं. ‘मोठा’ आणि ‘छोटा’ पुरतात. आकडेही चारच ठेवले, आणि तेही जीभ न अडखळता म्हणता येतील असे. ‘धोका नाही’ असं न म्हणता ‘आपल्याकडे येत नाहीत’ म्हटलं, कारण ‘धोका’ हा शब्द उच्चारला की तोच लक्षात राहतो, ‘नाही’ विसरलं जातं. यानात कुणी नव्हतं, हे मूळ बातमीत ‘मानवरहित’ या एका शब्दात दडलेलं होतं. मुलासाठी त्याचं वेगळं वाक्य करावं लागलं. नाहीतर यान मोडल्यावर त्याचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे.

मी यात मुलाला थेट ‘तू’ म्हटलेलं नाही, आणि त्याला मराठीतलं एक कारण आहे. ‘तू’ म्हटलं की भूतकाळी क्रियापद मुलगा की मुलगी ते सांगून टाकतं. ‘तू कधी गोल फिरणाऱ्या पाळण्यात बसला होतास का?’ असं लिहिलं की वाचणारी मुलगी बाहेर पडली. ‘बसला/बसली होतास/होतीस’ अशा तिरक्या रेघा मुलांच्या लेखनात सूर मोडतात. संबोधायचंच असेल तर कर्त्यावर लिंग न येणारी रचना घ्यावी: ‘तू भोवरा फिरताना पाहिला आहेस का?’ इथे क्रियापद भोवऱ्याप्रमाणे चालतं, म्हणून अडचण येत नाही. वर्तमानकाळातही ‘तू खेळतोस’ आणि ‘तू खेळतेस’ असा फरक पडतोच, त्यामुळे त्याच्या भरवशावर राहू नये. ‘तुला’, ‘तुझ्या’ ही रूपं मात्र बिनधास्त वापरता येतात.

दुसरी चूक उपमांची. दगडाला डोळे, हसू आणि ‘आई गं!’ असं ओरडणं दिलेले मसुदे मी बरेच पाहिले आहेत. दगडाला जीव दिला की त्याला मारणारं यान वाईट ठरतं, आणि मूल दगडाच्या बाजूने उभं राहतं. उपमा हवी ती मोजमापाला. फुटबॉलचं मैदान साधारण १०५ मीटर लांब असतं, त्याचं दीडपट म्हणजे १५७ मीटरच्या आसपास. म्हणून ती उपमा इथे बसते. उपमा देण्याआधी असा गुणाकार नेहमी करून पाहावा.

चौथी पायरी: किशोरासाठी

‘अंगावर येणारा लघुग्रह धडक देऊन ढकलता येईल का? कागदावरचं उत्तर बऱ्याच वर्षांपासून “हो” होतं. २६ सप्टेंबर २०२२ ला ते पहिल्यांदा प्रत्यक्ष तपासलं गेलं. नासाचं डार्ट हे यान सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर वेगाने डायमॉर्फस नावाच्या १६० मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवण्यात आलं.

डायमॉर्फसपासून पृथ्वीला धोका नव्हता. त्याला निवडलं ते मोजायला सोपा म्हणून. तो डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. पृथ्वीवरच्या दुर्बिणीतून ही जोडी एकाच ठिपक्यासारखी दिसते, पण छोटा मोठ्याच्या पुढून गेला किंवा मागे लपला की त्या ठिपक्याचा उजेड किंचित कमी होतो. उजेड कधी कधी कमी होतो याची नोंद ठेवली की एका फेरीला किती वेळ लागतो ते कळतं. टकरीआधी ११ तास ५५ मिनिटं. नंतर ११ तास २३ मिनिटं.

७३ सेकंदांचा फरक पडला असता तरी प्रयोग यशस्वी धरला जाणार होता. पडला ३२ मिनिटांचा. कारण धक्का एकट्या यानाचा नव्हता. धडकेने पृष्ठभागावरची धूळ आणि धोंडे यान आलं त्या दिशेला उडाले, आणि त्यांच्या उडण्याने लघुग्रहाला आणखी एक रेटा मिळाला.

याचा अर्थ आता कुठलाही लघुग्रह वळवता येईल, असा नाही. असा धक्का लहान असतो आणि त्याचा परिणाम साठत जायला वेळ लागतो, म्हणून धोका बरीच वर्षं आधी कळायला हवा. डायमॉर्फसचं नेमकं काय झालं ते जवळून पाहण्यासाठी युरोपीय अंतराळ संस्थेचं हेरा हे यान ७ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालं आहे.’

ही आवृत्ती तिघांत सगळ्यात जास्त मेहनत मागते, कारण मूळ बातमीत उत्तर नसलेले प्रश्न तिला सोडवावे लागतात. उजेड कमी होण्याची गोष्ट मूळ मजकुरात नाही. ती वेगळी वाचून काढावी लागली. किशोरांसाठी लिहिणं म्हणजे मोठ्यांची बातमी पातळ करणं, या समजुतीने लिहिलेले मजकूर इथेच पडतात. बातमीपेक्षा त्यांना थोडं जास्तच द्यावं लागतं.

सुराबद्दल माझं मत ठाम आहे: त्यांची बोली उसनी घेऊ नका. आपल्यापर्यंत त्यांचा एखादा शब्द पोचतो तोवर त्यांनी तो टाकलेला असतो. त्याऐवजी वाक्य तोडावं, आकडा मोकळा उभा करावा, विशेषणं काढून घ्यावीत. ‘पडला ३२ मिनिटांचा’ या तीन शब्दांच्या आधी ‘चक्क’ लावून बघा. वाक्य लगेच हलकं होतं.

इथेही थेट संबोधन नाही. ‘तू’ म्हटलं की घरातल्या मोठ्या माणसाचा आवाज येतो, ‘तुम्ही’ म्हटलं की वर्गातला. संबोधन गाळलं की बरोबरीने बोलल्यासारखं वाटतं. शेवटी ‘तुमच्यातूनच उद्याचे शास्त्रज्ञ घडतील’ छापाचं वाक्य घालायचा मोह होतो. ते घातलं की आधीच्या चार परिच्छेदांनी मिळवलेला विश्वास त्या एका ओळीत जातो. मर्यादा सांगणारा शेवटचा परिच्छेद मात्र ठेवाच, कारण दावा कुठे संपतो हे स्वतःहून सांगणाऱ्या माणसावर या वयाचा वाचक विश्वास ठेवतो.

पाचवी पायरी: आजी-आजोबांसाठी

‘लघुग्रह पृथ्वीवर आदळणार असल्याचे निरोप अधूनमधून फोनवर फिरत असतात. ही बातमी त्या प्रकारची नाही. ती अमेरिकेच्या नासा या अंतराळ संस्थेने ११ ऑक्टोबर २०२२ रोजी अधिकृतपणे जाहीर केली होती, आणि तीत कोणताही धोका सांगितलेला नाही.

भविष्यात एखादा लघुग्रह पृथ्वीच्या दिशेने आलाच, तर त्याला धक्का देऊन बाजूला सारता येईल का, याची चाचणी नासाने घेतली. त्यासाठी डार्ट हे मानवरहित यान २६ सप्टेंबर २०२२ रोजी डायमॉर्फस या लघुग्रहावर जाणूनबुजून आदळवले. तो चंद्राच्या पंचवीस पटींहून अधिक दूर होता. डायमॉर्फस हा डिडिमॉस या मोठ्या लघुग्रहाभोवती फिरतो. एका फेरीस त्याला बारा तासांना पाच मिनिटे कमी इतका वेळ लागत असे. टकरीनंतर तीच फेरी साडेअकरा तासांच्या आत पूर्ण होऊ लागली. फरक ३२ मिनिटांचा आहे.

जुलै १९९४ मध्ये शूमेकर-लेव्ही या धूमकेतूचे तुकडे गुरू ग्रहावर आदळले, तेव्हा माणसाच्या हाती केवळ पाहणे होते. या वेळी माणसाने स्वतः धडक घडवून अंतराळातील एका खगोलीय वस्तूची गती मोजता येईल इतकी बदलली. अशी ही पहिलीच वेळ आहे.’

इथे सर्वांत मोठा बदल एका मात्रेचा आहे. मुलासाठी आणि किशोरासाठी ‘केलं’, ‘झालं’, ‘वर्षं’ अशी बोलीतली रूपं होती. इथे ‘आदळवले’, ‘मिनिटे’, ‘पाहणे’ अशी छापील रूपं आहेत. या पिढीचं वाचन त्या लेखनावर झालं आहे. बोलीतली रूपं त्यांना समजतात, पण बातमी म्हणून त्यांना वजन येत नाही. अर्थात तुमचे वाचक रोज बोलीतलंच वाचत असतील तर ती रूपं चालतील; फक्त एका मजकुरात दोन्हींची सरमिसळ करू नका. ‘यान पाठवले आणि ते आदळलं’ हे कुठल्याच वयाला चालत नाही.

आदर दाखवायला नवा लिहिणारा ‘आपण’ वापरतो. त्यात एक खोच आहे. मराठीत ‘आपण’ म्हणजे आदरार्थी ‘तुम्ही’ही आणि ‘तुम्ही-आम्ही मिळून’ही. ‘आपण १९९४ ची घटना पाहिली असेल’ हे वाक्य दोन्ही प्रकारे वाचता येतं. म्हणून मी संबोधन टाळलं आणि आदर माहितीच्या क्रमात ठेवला: आधी कोण म्हणतं, कधी म्हटलं, मग काय झालं, मग ते आधीच्या कुठल्या घटनेशी जोडता येतं.

माझ्या वडिलांना मी एकदा असाच एक मजकूर वाचायला दिला होता. त्यात ‘लघुग्रह म्हणजे आकाशातला मोठा दगड बरं का’ असं वाक्य होतं. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि म्हणाले, ‘हे तू नातवासाठी लिहिलंयस, चुकून मला दिलंस.’ त्यानंतर मी एक नियम पाळते. ज्येष्ठ वाचकाला नव्या गोष्टीची ओळख करून द्यायची, ओळखीच्या गोष्टीची नाही. ‘लघुग्रह’ समजावायची गरज नाही; ‘डार्ट’ म्हणजे काय ते सांगायची आहे. आणि ते वाक्याच्या ओघातच सांगायचं: ‘डार्ट हे मानवरहित यान’ एवढं पुरतं.

मोठी अक्षरं, मोकळ्या ओळी आणि आकड्यांऐवजी ‘साडेअकरा’सारखे शब्द यांचा उपयोग होतो, पण ती नजरेची सोय झाली. तिची सुराशी गल्लत करू नका. अक्षर मोठं केलं म्हणून विचार लहान करायचा नसतो.

सहावी पायरी: ताडून पाहा

आता तिन्ही मजकूर शेजारी ठेवा आणि पहिल्या पायरीचे चार खुंट प्रत्येकात अधोरेखित करा. मी केलं तेव्हा मुलांसाठीच्या माझ्या मसुद्यात ‘मुद्दाम’ राहून गेलं होतं. त्या एका शब्दाशिवाय ती यानाच्या अपघाताची गोष्ट होत होती. आकडेही एकमेकांशी जुळवा. ‘जवळजवळ बारा तास’, ‘११ तास ५५ मिनिटं’ आणि ‘बारा तासांना पाच मिनिटे कमी’ ही तिन्ही एकच वेळ सांगतात का, हे मोठ्याने वाचून बघा. ‘अर्धा तास आधी’ या जागी घाईत ‘अर्धा तास उशिरा’ लिहिलं गेलं तर वाचायला काहीच खटकत नाही, पण शास्त्र उलटं होतं.

मग तिघांना वाचायला द्या आणि ‘आवडलं का?’ असं विचारू नका. सगळे हो म्हणतात. मुलाला म्हणा, ‘आता तू मला सांग.’ त्याच्या सांगण्यात दगड आपल्याकडे येत असेल, तर दुसरा खुंट ढिला आहे. किशोराला विचारा, ‘यातलं काय पटलं नाही?’ तो ज्या वाक्यावर बोट ठेवेल तिथे पुरावा कमी पडलाय. आजी-आजोबांना काहीच विचारू नका. त्या संध्याकाळी त्यांनी बातमी दुसऱ्या कुणाला सांगितली, तर ती काय म्हणून सांगितली ते ऐका. ‘नासाने एक प्रयोग केला’ अशी सुरुवात झाली तर मजकूर जमला आहे. ‘लघुग्रह येणार होता म्हणे’ अशी झाली, तर पहिला परिच्छेद पुन्हा लिहायला घ्या.